नोकरीच्या शेवटच्या दिवशीचा ईमेल : दुकान उघडण्याआधीचं पहिलं व्यावसायिक पत्र



व्यवसाय सुरू करायचा म्हटलं की आपण भाडं, माल, जीएसटी आणि बोर्ड कसा असावा यावर महिनोन्महिने बोलतो. पण तुमच्यापैकी बरेच जण आज नोकरीत आहेत आणि त्यातून बाहेर पडून काहीतरी सुरू करणार आहेत. त्या बाहेर पडण्याच्या दिवशी तुम्ही ऑफिसातल्या तीस-चाळीस लोकांना एक ईमेल पाठवणार. बहुतेक जण तो शेवटच्या दहा मिनिटांत, इंटरनेटवरून उचललेल्या चार ओळी टाकून पाठवतात. आजचा धडा त्या एका ईमेलचा आहे.

मी ह्याला व्यावसायिक पत्र म्हणतोय त्याचं कारण सरळ आहे. नोकरी सोडून दुकान टाकणाऱ्या माणसाची ओळख सुरुवातीला बाजारात कुणालाच नसते. त्याला ओळखणारे लोक एकाच ठिकाणी असतात, ते म्हणजे जुन्या ऑफिसात. त्यातलाच कुणी पहिला ग्राहक होतो, कुणी उधारीवर माल देतो, कुणी दुसऱ्याला तुमचं नाव सांगतो. हे सगळं होणार की नाही, ते बऱ्याच अंशी तुम्ही कसे निघालात यावर ठरतं.

एक उदाहरण घेऊन चालू

समजा, गोराईत राहणारी एक ताई आहे. अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणाऱ्या एका कंपनीत ती आठ वर्षं डिस्पॅचला आहे. गाड्या लावणं, चलन काढणं, ई-वे बिल करणं, ग्राहकाला "माल निघाला" असा फोन करणं, हे तिचं रोजचं काम. आता तिला गोराई दोनमध्ये पॅकिंग साहित्याचं छोटं दुकान टाकायचंय. घरून केक करणाऱ्या बायका, ऑनलाइन कपडे विकणाऱ्या मुली, फराळ परगावी पाठवणारी घरं, हे तिचे ग्राहक. ह्या लोकांना एका वेळी पंचवीस किंवा पन्नास बॉक्स लागतात. तिची कंपनी मात्र एका मापाचे पाचशेपेक्षा कमी बॉक्स करूनच देत नाही.

इथे गंमत बघा. वरवर पाहिलं तर ही ताई आपल्याच कंपनीच्या धंद्यात उतरतेय. साहेबांना ती स्पर्धक वाटू शकते. पण नीट पाहिलं तर ती कंपनीची ग्राहक होऊ शकते. तिने एका मापाचे पाचशे बॉक्स बारा रुपये भावाने घेतले तर सहा हजार रुपयांचा माल झाला. पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे करून तो वीस गिऱ्हाइकांना विकायचा. त्या वीस जणांना कंपनी स्वतः कधीच माल देणार नाही. म्हणजे ताईला कंपनीकडून माल हवाय, जमलं तर तीस दिवसांची उधारीही हवीय, आणि कंपनीचं त्यात काही नुकसान नाही.

तीस दिवसांची उधारी कुणाला मिळते? ज्याला साहेब ओळखतात आणि जो नीट निघाला त्याला. म्हणून ह्या ताईसाठी शेवटच्या दिवसाचा ईमेल हा निरोप तर आहेच, शिवाय पुढच्या व्यवहाराची पायरीही आहे. मात्र ती पायरी ईमेलमध्ये दिसता कामा नये. ते कसं करायचं ते बघू.

ईमेलच्या आधी : साहेबांना तोंडी सांगा

ईमेलमध्ये कुणालाही पहिल्यांदा काही कळता कामा नये. ज्यांच्याबरोबर रोज बसलात, त्यांना तुम्ही जाताय हे ईमेलमधून कळलं तर तो ईमेल कितीही गोड लिहिलेला असो, मनात अढी बसते. म्हणून जवळच्या पाच-सहा जणांना आधीच प्रत्यक्ष सांगा.

साहेबांशी मात्र दोन गोष्टी स्पष्ट बोलून घ्या. एक, "मी सगळ्यांना निरोपाचा ईमेल पाठवणार आहे, चालेल ना?" काही कंपन्यांत सगळ्यांच्या सामायिक आयडीवर ईमेल टाकायचा असेल तर एचआरची परवानगी लागते. दोन, "पुढे मी अमुक काम सुरू करतेय, त्याची एक ओळ त्यात लिहिणार आहे." उदाहरणातल्या ताईने तर हे सांगायलाच हवं, कारण तिचं दुकान त्याच व्यवसायातलं आहे. साहेब नको म्हणाले तर वाद घालू नका. ती ओळ "यापुढे स्वतःचं काम सुरू करतेय" इतकीच ठेवा. ज्यांना उत्सुकता असेल ते फोन करून विचारतीलच.

ग्राहक आणि पुरवठादार ह्यांना हा ईमेल जाणार नाही, हेही लक्षात ठेवा. ते नातं कंपनीचं आहे. तुमच्या जागी कोण आलंय हे ग्राहकाला कळवायचं असेल तर साहेबांना विचारून, नव्या माणसाला प्रतीत घेऊन, वेगळा दोन ओळींचा ईमेल करायचा. त्यात तुमचा खाजगी नंबर नको आणि दुकानाचा उल्लेखही नको.

कायद्याची रेष कुठे आहे

"मी माझं दुकान काढणार, त्यात कंपनी काय करणार?" असं मला वर्गात नेहमी विचारतात. दोन खटले माहीत असू द्या, दोन्ही सर्वोच्च न्यायालयातले.

पहिला 1967 सालचा. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये निरंजन गोळीकरी नावाचे शिफ्ट सुपरवायझर होते. त्यांचा पाच वर्षांचा करार होता. मुदत संपायच्या आधीच ते कोट्याच्या एका रेयॉन कंपनीत गेले. न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. करार चालू असताना दुसरीकडे तसंच काम करू नका, ही अट योग्य ठरली.

दुसरा 2006 सालचा, आणि त्यातलं नाव तुम्हाला माहीत आहे : आपल्या श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान. एका व्यवस्थापन कंपनीबरोबर त्याचा तीन वर्षांचा करार होता. करार संपल्यावरही त्याने दुसऱ्याबरोबर जाण्याआधी आपल्याला विचारावं, असं त्या कंपनीचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 27 प्रमाणे, करार संपल्यानंतरही माणसाला त्याच्या व्यवसायापासून अडवणारी अट टिकत नाही.

ह्या दोन निकालांच्या मधली रेष आपल्या कामाची आहे. नोटीस पीरियड संपेपर्यंत, म्हणजे शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत, तुम्ही कंपनीचेच आहात. त्या वेळेत कंपनीच्या आयडीवरून स्वतःच्या मालाचे भाव पाठवणं म्हणजे कंपनीच्या दुकानात बसून आपलं गिऱ्हाईक करणं. दुसऱ्या दिवशीपासून तुम्ही तुमचा व्यवसाय करू शकता. मात्र ग्राहकांची यादी, भावपत्रकं, डिझाईन ही माहिती कंपनीची असते, आणि ती तुम्ही निघून गेल्यावरही कंपनीचीच राहते. "कंपनीचे ग्राहक इतके महिने ओढायचे नाहीत" अशी वेगळी अटही काही नेमणूकपत्रांत असते. तुमचं नेमणूकपत्र काढून वाचा, आणि तशी अट दिसली तर वकिलाला एकदा दाखवून घ्या.

नेहमी चुकणारा ईमेल

आता प्रत्यक्ष लिखाणाकडे येऊ. असे ईमेल तुम्हीही पाहिले असतील :

> विषय : अलविदा!!!
>
> प्रिय सर्व,
> जड अंतःकरणाने कळवते की आज माझा शेवटचा दिवस. ह्या प्रवासात खूप काही शिकले. काही कटू अनुभवही आले, पण त्यांनीच मला घडवलं. सर्वांचे आभार. मी आता स्वतःचा व्यवसाय सुरू करत आहे. सर्व प्रकारचे बॉक्स, टेप, बबल रोल होलसेल दरात मिळतील. भावपत्रक सोबत जोडले आहे. ऑर्डरसाठी संपर्क करा.

ह्यात तीन ठिकाणी नुकसान आहे. "कटू अनुभव" वाचल्याबरोबर चाळीस जण मनात विचार करतात, हे कुणाबद्दल? त्या विचारात तुमचे आभार विसरले जातात. "सर्वांचे आभार" हे कुणाचेच आभार नाहीत, कारण त्यात स्वतःला ओळखेल असा एकही माणूस नाही. आणि भावपत्रक जोडल्यामुळे वरचं सगळं जाहिरातीची प्रस्तावना वाटतं. शिवाय हाच ईमेल पुढच्या पाच मिनिटांत साहेबांकडे आणि एचआरकडे पोचतो. ज्या साहेबांकडून तीस दिवसांची उधारी हवीय, त्यांनी हा वाचला तर काय होईल ते सांगायला नको.

हाच ईमेल नीट लिहिलेला

> विषय : आज माझा शेवटचा दिवस – आभार आणि नवा संपर्क
>
> नमस्कार,
>
> आज, शुक्रवारी, माझा कंपनीतला शेवटचा दिवस आहे. आठ वर्षं डिस्पॅचला होते.
>
> दोन गोष्टी कायम लक्षात राहतील. दिवाळीआधीच्या पंधरवड्यात गाडी कितीही उशिरा लागली, तरी लोडिंगच्या मंडळींनी माल मोजल्याशिवाय कधी सोडला नाही. त्यामुळे ग्राहकांचे फोन मला निर्धास्तपणे घेता आले. आणि 2018 मध्ये ई-वे बिल नवीन असताना अकाउंट्सच्या टीमने आम्हाला रोज संध्याकाळी शेजारी बसवून ते शिकवलं. ते मी विसरणार नाही.
>
> सोमवारपासून डिस्पॅचचं काम माझ्या जागी आलेले सहकारी बघतील. अपुऱ्या चलनांची यादी त्यांना दिली आहे, आणि पुढच्या आठवड्याच्या गाड्यांचं वेळापत्रक डिस्पॅचच्या फोल्डरमध्ये ठेवलं आहे.
>
> पुढे मी गोराईत पॅकिंग साहित्याचं छोटं दुकान सुरू करतेय. बोरिवलीकडे आलात तर चहाला नक्की या.
>
> हा आयडी आज संध्याकाळी बंद होईल. माझा मोबाईल नंबर आणि खाजगी ईमेल खाली देतेय. नंबर सेव्ह करून ठेवा, संपर्कात राहू.
>
> मनापासून आभार,
> (नाव, मोबाईल नंबर, खाजगी ईमेल)

तुमच्या ऑफिसात इंग्रजीचा रिवाज असेल तर इंग्रजीत लिहा, क्रम मात्र हाच ठेवा. प्रत्येक तुकडा तिथे का आहे ते समजून घ्या, म्हणजे तुम्हाला तुमचा लिहिता येईल.

विषयाच्या ओळीत दोनच गोष्टी आहेत : आज शेवटचा दिवस आणि नवा संपर्क. सहा महिन्यांनी कुणाला तुमचा नंबर हवा असेल तेव्हा तो इनबॉक्समध्ये तुमचं नाव आणि "संपर्क" असं शोधेल. "अलविदा" असं कुणी शोधत नाही.

आभाराच्या परिच्छेदात दोन प्रसंग आहेत, आणि दोन्हींत कुणीतरी नेमकं काय केलं ते लिहिलंय. प्रसंग निवडताना एक कसोटी लावा : हे वाक्य दुसऱ्या कंपनीतल्या माणसाने लिहिलं असतं तरी चाललं असतं का? चाललं असतं तर ते काढा. आणि प्रसंग साहेबांचे नकोत, कामाच्या माणसांचे घ्या. साहेबांना आपलं कौतुक रोज ऐकायला मिळतं. लोडिंगच्या मुलांचं नाव ईमेलमध्ये क्वचितच येतं. आलं की ती मुलं तो ईमेल आपल्या फोनवर घेऊन दाखवत फिरतात. व्यक्तींची नावं मात्र सगळ्यांना जाणाऱ्या ईमेलमध्ये टाळा, टीमचं नाव लिहा. चार जणांची नावं लिहिली की पाचवा नाराज होतो. ज्यांचे खास आभार मानायचे त्यांना वेगळा ईमेल करा, दोन ओळी पुरतात.

माझ्या मते संपूर्ण ईमेलमधला सगळ्यात जास्त ऊब देणारा परिच्छेद काम सोपवल्याचा आहे. तो कोरडा दिसतो, पण वाचणाऱ्याच्या मनात तेव्हा एकच प्रश्न असतो : सोमवारी चलन अडकलं तर विचारायचं कुणाला? त्याचं उत्तर तुम्ही दिलंत तर तो माणूस तुमच्याबद्दल "जाताना सगळं नीट लावून गेली" असं म्हणतो. व्यापारात ह्यापेक्षा चांगली शिफारस नाही. उलट सोमवारी सकाळी यादी सापडली नाही, तर शुक्रवारचा गोड ईमेल कुणाला आठवत नाही. म्हणून हा परिच्छेद लिहिण्याआधी ते काम खरोखर झालेलं असू द्या.

दुकानाची एकच ओळ आहे. त्यात काय विकणार, भाव काय, सूट किती, ह्यातलं काही नाही. चहाचं आमंत्रण आहे. ज्याला घरच्या केकसाठी बॉक्स हवेत तो स्वतःहून विचारेल, आणि त्याने विचारलं की संभाषण त्याने सुरू केलेलं असतं.

पाठवायचा कसा, कुणाला, कधी

वेळ साधारण दुपारी जेवणानंतरची ठेवा. सकाळी पाठवलात तर दिवसभर लोक टेबलाशी येत राहतात आणि काम सोपवणं अर्धवट राहतं. निघताना पाठवलात तर उत्तरं येईपर्यंत तुमचा आयडी बंद झालेला असतो. दोन-अडीचच्या सुमाराला पाठवलात तर उत्तरं वाचायला दोन-तीन तास मिळतात. आयडी नक्की किती वाजता बंद होणार ते आयटीवाल्यांना आदल्या दिवशी विचारून ठेवा. काही ठिकाणी लॅपटॉप जमा केला की लगेच बंद करतात. ईमेल नंतरच्या वेळेला आपोआप जाईल असा लावून ठेवू नका. मध्येच आयडी बंद झाला तर तो तिथेच अडकू शकतो.

कुणाला पाठवायचा, तर ज्यांच्याबरोबर तुम्ही खरोखर काम केलंत त्यांना. तीनशे माणसांच्या कंपनीत सगळ्यांच्या सामायिक आयडीवर टाकलात तर दोनशे पन्नास लोक विचारतील, ही कोण? उदाहरणातल्या ताईची यादी लोडिंग, अकाउंट्स, सेल्स, प्लॅनिंग, एचआर आणि गेटवरचं ऑफिस धरून पस्तीस-चाळीस नावांपर्यंत जाईल. गेटवरच्या सिक्युरिटीला किंवा लोडिंगच्या मुलांना कंपनीचा ईमेल नसतो. त्यांना जाऊन भेटा.

पत्ते टाकताना "टू" मध्ये स्वतःचा आयडी आणि बाकी सगळे बीसीसीत. असं केलं की कुणी "सगळ्यांना उत्तर" दाबलं तरी ते चाळीस जणांना जात नाही, फक्त तुम्हाला येतं. त्याचा अजून एक फायदा आहे. बाकीचे बघतायत हे माहीत असलं की लोक "शुभेच्छा" एवढंच लिहितात. एकट्याला उत्तर द्यायचं असलं की मनातलं लिहितात.

एक गोष्ट करू नका. कंपनीची संपर्कयादी स्वतःच्या खाजगी ईमेलवर पाठवून घेऊ नका. हेतू फक्त मित्रांचे नंबर ठेवण्याचा असला, तरी बाहेर गेलेली फाईल बघणाऱ्याला हेतू दिसत नाही. ज्यांचे नंबर हवेत त्यांच्याकडून मागून घ्या.

"नंबर सेव्ह करा" ही ओळ का

ही ओळ सभ्यतेची वाटते, पण तिच्यामागे साधं तांत्रिक कारण आहे. पुढे तुम्ही व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट यादी करणार. त्या यादीतून पाठवलेला संदेश फक्त त्यांनाच पोचतो, ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे. तुम्ही त्यांचा नंबर सेव्ह करून उपयोग नाही. अनेक नवे दुकानदार दोनशे जणांना दिवाळीचा संदेश टाकतात आणि पन्नास जणांनाच पोचला म्हणून गोंधळतात. निरोपाच्या दिवशी लोक तुमचा नंबर आनंदाने सेव्ह करतात. तीन महिन्यांनी "दुकानाच्या जाहिरातीसाठी माझा नंबर सेव्ह करा" म्हणालात तर कुणी करत नाही.

म्हणून नंबरही तोच द्या, जो तुम्ही वर्षानुवर्षं ठेवणार आहात. दुकानासाठी नवीन सिम घ्यायचा विचार असेल तर तो ईमेलच्या आधी घ्या.

ईमेलनंतरचा महिना

उत्तरं आली की दोन दिवसांत प्रत्येकाला एक ओळ लिहा, आणि ती खाजगी ईमेलवरून किंवा फोनवरून लिहा, म्हणजे तुमचा नवा पत्ता त्यांच्याकडे जातो. ह्या ओळीतही दुकान नको. त्यांनी जे लिहिलं त्याला उत्तर द्या.

उत्तरं वाचताना तुम्हाला आपोआप तीन गट दिसतील. काही जण फक्त "शुभेच्छा" लिहितात. त्यांच्याशी सणावाराला बोलणं पुरे. काही जण एखादी जुनी आठवण लिहितात. ही तुमची माणसं आहेत, तुमचं नाव तीच दुसऱ्याला सांगतील. आणि दोन-तीन जण विचारतात, "दुकान कुठे? काय काय ठेवणार?" त्यांची नावं वहीत लिहा. दुकान उघडेल तेव्हा पहिला फोन त्यांना.

साहेबांकडे मालासाठी जायची घाई करू नका. आधी हिशेबाचं सगळं पूर्ण होऊ द्या : शेवटचा पगार, अनुभवपत्र, राहिलेल्या रजेचे पैसे. पगारातून टीडीएस कापला जात असेल तर त्याचं प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यावर, साधारण जूनच्या मध्यापर्यंत मिळतं. म्हणजे तुम्ही सप्टेंबरात निघालात तरी पुढच्या जूनमध्ये अकाउंट्सला फोन करावा लागणार. ज्या टीमने ई-वे बिल शिकवलं म्हणून तुम्ही आभार मानलेत, तीच टीम तो फोन उचलणार आहे.

हिशेब पूर्ण झाला की साहेबांना भेटायची वेळ मागा. उदाहरणातली ताई असं लिहू शकते :

> सर, नमस्कार. गोराईतलं दुकान पुढच्या महिन्यात सुरू होतंय. माझी गिऱ्हाइकं पंचवीस-पन्नास बॉक्सवाली आहेत, आपली कंपनी जी ऑर्डर घेत नाही ती. सुरुवातीला दोन मापांचे पाचशे-पाचशे बॉक्स आपल्याकडूनच घ्यायचा विचार आहे. पहिली ऑर्डर रोखीने करते. बोलायला कधी येऊ?

बघा, उधारी मागितलेली नाही. पहिली ऑर्डर रोखीने, दुसरी वेळेवर, आणि तिसऱ्या वेळी तीस दिवसांची गोष्ट काढायची. आठ वर्षं जिने चलनं चोख ठेवली आणि जाताना अपुऱ्या चलनांची यादी देऊन गेली, तिच्याबद्दल साहेबांना वेगळी चौकशी करावी लागत नाही.

काही बिनसलंय हे कसं ओळखायचं

ईमेल गेला आणि ज्यांच्याबरोबर रोज जेवायला बसायचात त्यांचंही उत्तर आलं नाही, तर बहुतेक दोनपैकी एक झालेलं असतं. एकतर त्यांना बातमी ईमेलमधूनच कळली, किंवा तुमचा आयडी लवकर बंद झाल्यामुळे उत्तरं परत गेली. दोन्हींवर उपाय एकच : दुसऱ्या दिवशी फोन. एचआरचा फोन आला तर बहुधा दुकानाच्या ओळीबद्दल असतो. शांतपणे सांगा की साहेबांशी आधी बोलणं झालंय आणि कुठल्याही ग्राहकाला ईमेल गेलेला नाही. हे दोन्ही खरं असलं की विषय तिथेच संपतो.

आणि तुमचं निघणं मुळातच कडवट असेल, भांडण झालं असेल, तर? मग ईमेल आणखी छोटा करा. शेवटचा दिवस, काम कुणाकडे दिलंय, नवा संपर्क. तीन ओळी. खोटे आभार लिहू नका, लोकांना ते कळतात. तक्रारही लिहू नका. तक्रारीची जागा एचआरबरोबरच्या शेवटच्या मुलाखतीत असते.

ह्या आठवड्याचा गृहपाठ : तुमचा राजीनामा अजून वर्षभर लांब असेल, तरी वहीत दोन वाक्यं लिहा. ऑफिसातल्या कुठल्या टीमने नेमकं काय केलं म्हणून तुमचं काम सोपं झालं? वाक्य सुचत नसेल तर उद्या ऑफिसात जरा लक्ष देऊन बघा. आणि दुसऱ्या पानावर, आज तुम्ही अचानक निघालात तर कुठलं काम कुणालाच सापडणार नाही, त्याची यादी करा. तुमच्या ईमेलमधला काम सोपवल्याचा परिच्छेद त्या यादीतूनच लिहिला जाणार आहे.